इरँगलला पहिल्या पाच मिनिटांतच मरतोय, उतरायचं कुठे? (बीजीएमआय)

रात्रपाळी_स्क्वॉड:
आम्ही चौघं रोज रात्री क्लासिक खेळतो, इरँगल. पोचिंकी किंवा स्कूलला उतरलो की गन हातात यायच्या आधीच दोघं नॉक. म्हणून काल लांब झार्कीला गेलो, निवांत लूट केली, बॅगा भरल्या आणि मग झोन पार मिल्टाकडे गेला, पळता पळता सगळे ब्लूमध्ये संपलो. मधला काही मार्ग आहे का? आणि लूट करताना आधी काय उचलायचं?

पोचिंकी_किंग:
लांब जाऊन काही होत नाही भावा. रोज पोचिंकीलाच उतर, पंधरा दिवसांत हात बसेल. मी असंच शिकलो.

गॅरेजवाला:
हात बसतो हे खरंय, पण पोचिंकीत निम्मे मृत्यू नेम चुकल्यामुळे नसतात, तीन सेकंद उशिरा उतरल्यामुळे असतात. समोरचा तुझ्याआधी छपरावर टेकला की त्याच्याकडे गन आणि तुझ्याकडे मुठी, तिथे कसला सराव होणार.

@रात्रपाळी, जागा पाठ करू नकोस, विमानाची रेघ बघ. समजा विमान सेव्हर्नीवरून सोसनोव्हकाकडे चाललंय, म्हणजे रोझोक, स्कूल, पोचिंकी सगळं रेघेच्या आसपास, तिथे गर्दी होणारच. अशा वेळी मी गटकाला जातो. पोचिंकीच्या पश्चिमेला आहे, पॅराशूटने आरामात गाठता येतं. मॅपवर मार्कर टाकला की अंतर दिसतं, ते बघूनच उडी मार. आणि खाली येताना डोळ्याचं बटण धरून मागेपुढे फिरवून बघ, सोबत किती जण येतायत ते मोज. एखादी टीम तुमच्याच घरांवर तुमच्या पुढे उतरताना दिसली तर हट्ट सोडायचा आणि रस्त्यापलीकडच्या दोन-तीन घरांवर जायचं. गटकाही कधी कधी भरतं, हे धरून चाल.

रात्रपाळी_स्क्वॉड:
बरं, गटकाला उतरलो आणि झोन मिल्टाकडे गेला तर? परत तेच नाही का होणार?

गॅरेजवाला:
झार्कीहून मिल्टा म्हणजे मॅपचं एक टोक ते दुसरं टोक, गटकाहून त्यापेक्षा बरंच कमी. तरी पोचिंकी मध्ये येतंच आणि तिथे जिंकलेली टीम खिडकीत बसून रस्ता बघत असते. म्हणून पांढरं वर्तुळ दिसलं की लगेच गाडी शोधायची, ब्लू सरकायची वाट बघायची नाही. सरळ पोचिंकीतून न जाता दक्षिणेकडून वळसा घालून, टेकड्यांच्या आडोशाने पूर्वेला जायचं. तुम्ही बहुतेक ब्लू अंगावर आल्यावर निघालात, मग पळणाऱ्याला पुढे बसलेले टिपतात आणि मागून ब्लू खातो.

लुटीचं म्हणशील तर पहिल्या घरात जी गन मिळेल ती, यूझी असली तरी चालेल. मग वेस्ट-हेल्मेट, मग फर्स्ट एड. एम४१६ आणि स्कोपच्या नादाला नंतर लागायचं. एक रायफल, शंभर-सव्वाशे गोळ्या, लेव्हल २ वेस्ट, दोन फर्स्ट एड, तीन-चार ड्रिंक, दोन स्मोक, एवढं झालं की लूट बंद. फर्स्ट एडने हेल्थ ७५ पर्यंतच जाते, वरचं ड्रिंक आणि पेनकिलरने भरतं, म्हणून ड्रिंक टाकून देऊ नका. स्मोक तर सगळेच विसरतात आणि मग उघड्या शेतात नॉक झालेल्या टीममेटला उचलायला आडोसाच नसतो.

लिव्हिक_प्रेमी:
मी लिव्हिक खेळते, तिथे हे काहीच लागू पडत नाही 😅 ५२ जण आणि २ बाय २ किमीचा मॅप, कुठेही उतरा, मिनिटभरात कोणीतरी येतंच. माझा फोनही गरम होतो, ग्राफिक्स स्मूथ ठेवू का?

गॅरेजवाला:
स्मूथच ठेव, फ्रेम रेट जितका मिळेल तितका घे. लिव्हिकला झोनची चिंता कमी, पण उतरताना पॅराशूट मोजायचं तिथेही सोडू नकोस.

पोचिंकी_किंग:
गाडीचं मला पटत नाही. गाडीचा आवाज लांबून कळतो, आम्ही तर गाड्यांवरच टपलेले असतो. पायी जावं.

गॅरेजवाला:
झोनच्या आत असलो तर पायीच. बाहेर आणि लांब असलो तर गाडी, पण थेट वर्तुळात न घुसता थोडं अलीकडे टेकडीमागे सोडायची. सोलोमध्ये तुझं जास्त बरोबर आहे.

रात्रपाळी_स्क्वॉड:
आज चार मॅच खेळलो. दोनदा गटका रिकामं मिळालं, एकदा दुसरी टीम आधी उतरली म्हणून आम्ही रस्त्यापलीकडे गेलो आणि वाचलो. चौथ्यात मित्र ८एक्स शोधत बसला, त्याच्यासाठी थांबलो आणि परत ब्लू. तिघांनी निघून जायचं का त्याला घेऊनच जायचं, यावर आमचं अजून भांडण चालू आहे, तुम्ही काय करता?