हैदराबाद दौऱ्याचं हॉटेल बिल नामंजूर झालंय, अपील कसं लिहू? (मदत हवी आहे)

लूमवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. मशीनचे सुटे भाग तपासायला कंपनीने मला हैदराबादला पाठवलं होतं. दोन रात्रींचं हॉटेल बिल 5,040 झालं, त्यात खोलीचे 4,800 आणि जीएसटीचे 240. मी ते माझ्या यूपीआयने भरलं. क्लेममधलं बसचं तिकीट मंजूर झालं, हॉटेलची मात्र सगळी रक्कम कापली. शेरा एवढाच: "बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर नाही." खोली सप्लायरच्या माणसाने फोनवर बुक केली होती, त्यामुळे बिल माझ्या नावाने निघालं. नामंजुरीनंतर 15 दिवसांत अपील करता येतं. एवढे पैसे सोडून देणं मला परवडणारं नाही. काय लिहू?

हिशोबी_माणूस:
अकाउंट्सचं बरोबर आहे दादा. बिलावर नंबर नसला की कंपनीला त्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, कंपनीचं नुकसान होतं. हॉटेलला फोन करून नंबर टाकलेलं नवीन बिल मागवा, विषय संपला.

गुरुजी_बार्शी:
आमच्या प्रवास भत्ता बिलालाही असाच त्रास होतो. दौरा दैनंदिनीवर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही आहे का ते आधी बघा. त्याशिवाय बिल पुढे सरकत नाही.

लूमवाला_सोलापूर:
गुरुजी, माझी खासगी कंपनी आहे, दैनंदिनीची पद्धत नाही. साहेबांनी दौऱ्याला मंजुरी दिल्याचा मेल मात्र आहे.

जुना_अकाउंटंट:
अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत मी बरीच वर्षं असे क्लेम तपासले आहेत. हिशोबी म्हणतात ते पुण्याच्या हॉटेलला लागू पडलं असतं, इथे नाही. हॉटेल ज्या राज्यात, त्याच राज्याचा जीएसटी लागतो. तुमच्या बिलावर हॉटेलचा नंबर 36 ने सुरू होत असेल, तो तेलंगणाचा. 240 पैकी 120 केंद्राचे, 120 तेलंगणाचे. कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात, म्हणजे 27 ने सुरू होणारी असेल, तर बिलावर नंबर छापला असता तरी हे क्रेडिट तिला घेता आलं नसतं. तेलंगणातही नोंदणी असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी विचारून घ्या.

नवीन बिल मागवायच्या भानगडीत आता पडू नका. एकाच मुक्कामाची दोन नंबरांची दोन बिलं फाईलला लागली तर उलट तुमच्यावरच संशय येईल.

आता पॉलिसीतलं वाक्य शब्दशः वाचा. नंबर "असावा" एवढंच आहे, की "नसल्यास रक्कम मिळणार नाही" असंही आहे? दुसरं असेल तर हा हक्काचा दावा राहत नाही, अपवाद म्हणून विनंती करावी लागेल.

लूमवाला_सोलापूर:
आत्ताच बघितलं ओ काका. कलम 6.2: "मुक्कामाचा खर्च दर रात्री 3,000 पर्यंत प्रत्यक्ष बिलाप्रमाणे मिळेल. बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर असावा." पुढे काही नाही. नोंदणी फक्त महाराष्ट्रातच आहे, अकाउंट्सच्या मुलाने सांगितलं.

जुना_अकाउंटंट:
मग तुमची बाजू भक्कम आहे. मेल लहान ठेवा, सप्लायरची सगळी कहाणी नको. असं लिहा:

"विषय: हैदराबाद दौरा, हॉटेल खर्च 5,040 रुपये, नामंजुरीविरुद्ध अपील.
दौऱ्याला पूर्वमंजुरी होती. खर्च कलम 6.2 च्या मर्यादेत आहे. बिलावर कंपनीचा नंबर नाही हे खरं आहे, परंतु त्यासाठी पूर्ण रक्कम नाकारण्याची तरतूद या कलमात नाही. हॉटेल तेलंगणात असल्याने आणि कंपनीची तिथे नोंदणी नसल्याने या कराचं क्रेडिट मिळण्यासारखं नव्हतं. विनंती: 5,040 रुपये मंजूर करावेत. कराबाबत हरकत असल्यास खोलीचे 4,800 आत्ता द्यावेत आणि 240 चा निर्णय वेगळा घ्यावा. नामंजुरी कायम ठेवायची असल्यास कोणत्या कलमानुसार, ते लेखी कळवावे."

सोबत मूळ बिल, यूपीआयची पावती, मंजुरीचा मेल आणि नामंजुरीचा शेरा जोडा. बिल थर्मल कागदावर असेल तर आजच स्वच्छ फोटो काढा, ती शाई उडते. पावतीवरची रक्कम आणि हॉटेलचं नाव बिलाशी जुळतंय ना, तेही बघा. बऱ्याचदा यूपीआयवर मालकाचं नाव येतं. तसं असेल तर एका ओळीत खुलासा करा, नाहीतर त्यावरूनच फाईल परत येईल.

हिशोबी_माणूस:
राज्याबाहेरच्या हॉटेलचं हे मला माहीत नव्हतं. पण आमच्याकडे नंबर नसला की सरसकट कापतात, राज्य कोणतंही असो. मग तेही चूकच की?

जुना_अकाउंटंट:
तुमची पॉलिसी वाचल्याशिवाय कसं सांगू? कंपनीने तसा नियमच लिहून ठेवला असेल तर कराचा मुद्दा तिथे चालणार नाही.

लूमवाला_सोलापूर:
मेल पाठवला, साहेबांनाही प्रत ठेवली. यूपीआयवर खरंच मालकाचं नाव होतं, तो खुलासा घातला. अकाउंट्स म्हणतंय की निर्णय महिनाअखेरीच्या बैठकीत होईल. आणखी एक, तिथल्या रिक्षाचे 360 रुपये पावतीअभावी कापलेत. पॉलिसीत रिक्षाबद्दल एक शब्द नाही. ते याच अपीलमध्ये घालू का?

जुना_अकाउंटंट:
नको. त्याचा अर्ज वेगळा करा. तारीख, कुठून कुठे गेलात, कामाचं कारण आणि रक्कम लिहून साहेबांची सही घ्या. मिळतील की नाही हे साहेबांच्या सहीवर अवलंबून आहे. पण त्या 360 पायी 5,040 ची फाईल अडकायला नको.