मदत हवी आहे: माझा चेहरा लावलेला खोटा फोटो फिरतोय, आधी रिपोर्ट करू का पुरावा गोळा करू?

मोगरा_२
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या. जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीने एक फोटो पाठवून विचारलं, ही तूच का? चेहरा माझा आणि मानेखाली भलतीच कुणीतरी, अंगावर कपडे जवळजवळ नाहीतच. चेहरा कुठून उचललाय ते लगेच कळलं, माझ्या जुन्या डीपीतून, कारण डाव्या कानावर आलेली बट अगदी तीच आहे आणि कानातल्याचा खालचा अर्धा भाग मानेच्या जोडावर कापला गेलाय. फोटो दोन ठिकाणी आहे, एक म्हणजे जुन्या ऑफिसातल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप (मी त्यात नाही) आणि दुसरं माझ्या नावाने काढलेलं इन्स्टा अकाउंट. ॲडमिन ओळखीचा आहे, तो म्हणतोय आत्ता डिलीट करतो. करू देऊ का? की आधी काही जपून ठेवायचं असतं? घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

फटाकडी
अगं विचार कसला करतेस, सगळ्या मैत्रिणींना लिंक पाठव आणि रिपोर्ट करायला लाव, ५०-६० रिपोर्ट पडले की अकाउंट आपोआप उडतं. आणि फोटो तुझा आहे ना, मग कॉपीराइटचा क्लेम टाक, त्यावर ते लगेच ॲक्शन घेतात.

जुना_खांब
मोगराताई, ॲडमिनला थोडं थांबवा. त्याने सगळ्यांसाठी डिलीट केलं की ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनने मेसेज काढल्याची ओळ उरते, कुणी टाकला होता आणि किती वाजता हे दाखवायला हातात काही राहत नाही. ग्रुपमधल्या तुमच्या मैत्रिणीला सांगा की स्क्रीन रेकॉर्डिंग चालू कर, ग्रुपचं नाव दिसू दे, मग मेसेजपर्यंत स्क्रोल कर, तारीख-वेळ दिसू दे आणि शेवटी पाठवणाऱ्याच्या नावावर टॅप करून नंबर दिसू दे. नुसत्या स्क्रीनशॉटमध्ये तिने सेव्ह केलेलं नाव येतं, आणि ते तर कुणीही काहीही ठेवू शकतं. तिने ग्रुप रिपोर्ट केला तर ग्रुप सोडून चॅट डिलीट करण्याची टिक समोर येईल, ती काढून टाकायला सांगा, नाहीतर रिपोर्टसोबत पुरावाही जाईल. रिपोर्टमध्ये शेवटचे ५ मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात, आणि कुणी रिपोर्ट केला हे समोरच्याला कळवत नाहीत. हे झालं की मग ॲडमिनला खुशाल काढू द्या.

इन्स्टाचं वेगळं आहे. ॲपमधून स्क्रीनशॉट काढू नका, त्यात पत्ता दिसत नाही. ब्राउझरमध्ये पोस्ट उघडा, म्हणजे वरच्या पट्टीत असं काहीतरी दिसेल:

```
https://www.instagram.com/p/पोस्टचा-कोड/
```

तो कोड कॉपी करून ठेवा. समोरचा उद्या युजरनेम बदलेल, पण त्या पोस्टचा कोड तोच राहतो. प्रोफाइलवर About this account दिसलं तर तेही टिपून घ्या, अकाउंट कधी काढलं ते कळतं. त्यांनी स्टोरी टाकली असेल तर ती सगळ्यात आधी रेकॉर्ड करा, २४ तासांत जाते.

@फटाकडी, रिपोर्ट मोजून अकाउंट उडत नाही हो. तोतयेगिरीचा रिपोर्ट तर ज्याची नक्कल झालीय त्यानेच किंवा त्याच्या वतीने अधिकृत माणसानेच करायचा असतो, इतरांनी केलेल्यावर ते उत्तरही देत नाहीत. आणि ५० जणींना लिंक पाठवली म्हणजे ५० जणींनी तो फोटो पाहिला.

फटाकडी
बरं बाबा. पण कॉपीराइटचं तरी बरोबर आहे ना?

जुना_खांब
अर्धं. कॉपीराइट ज्याने फोटो काढला त्याचा, ज्याचा चेहरा आहे त्याचा नाही. डीपी सेल्फी असेल तर क्लेम करता येईल, दुसऱ्या कुणी काढला असेल तर त्यानेच करायला हवा. शिवाय त्या फॉर्मवर दिलेलं नाव आणि ईमेल समोरच्यापर्यंत पोचू शकतं, त्यामुळे कोण आहे हेच माहीत नसताना मी तरी तो रस्ता शेवटी ठेवेन.

निवांत_काका
माझंही असंच झालेलं. माझा फोटो एका औषधाच्या जाहिरातीत, खाली 'या काकांचं गुडघेदुखीचं काम झालं' म्हणे! माझे गुडघे ठणठणीत आहेत. एका साइटला तीन मेल टाकले, उत्तर नाही.

मोगरा_२
काका, हसू आलं, सॉरी 😄 पण माझं प्रकरण वेगळं आहे. @जुना_खांब दादा, अकाउंट आणि फोटो दोन्हींचा रिपोर्ट वेगवेगळा करायचा का?

जुना_खांब
हो. अकाउंटसाठी 'माझी नक्कल करतंय' हा पर्याय, आणि पोस्टवर नग्नता किंवा खाजगी फोटो परवानगीशिवाय टाकल्याचा पर्याय. नुसतं 'आवडलं नाही' किंवा 'स्पॅम' दाबलंत तर तो रिपोर्ट भलत्याच रांगेत जातो.

तिसरं म्हणजे StopNCII.org. तुमच्या फोनमधूनच फोटो निवडायचा, फोटो कुठेही अपलोड होत नाही, त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच फेसबुक, इन्स्टा, टिकटॉक, रेडिट अशा सामील कंपन्यांकडे जातो. बनावट फोटोही चालतो. शेवटी केस नंबर आणि पिन मिळेल तो लगेच लिहून ठेवा, पिन हरवला तर परत मिळत नाही. मर्यादा पण आहेत. फोटो बराच कापला, आरसा केला किंवा वर मजकूर टाकला तर ठसा जुळेलच असं नाही, त्यामुळे जितक्या आवृत्त्या सापडतील तितक्या द्या. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आधीच जे लोकांच्या फोनवर उतरलंय ते यातून परत येत नाही. गुगलवर नाव टाकून फोटो दिसायला लागला तर त्यांचा वेगळा फॉर्म आहे, पण तो फक्त सर्चमधून काढतो, मूळ पान तसंच राहतं.

हो, आणि तुमचा मूळ डीपी, कॅमेऱ्यातून आलेली फाइल, शोधून ठेवा. कुणाला द्यायची वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली तर तारीख वगैरे आतली माहिती गळते. ती बट आणि कापलेलं कानातलं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की पोलिसांना वेगळं समजावावं लागत नाही.

सावली_दुपारची
इथेच विचारते. भाचीचा असाच फोटो शाळेतल्या मुलांनी बनवलाय, ती १५ ची आहे. आम्ही पण असं रेकॉर्डिंग करून ठेवू का?

जुना_खांब
नको! १८ च्या आतलं असेल तर फोटोची कॉपी जमवू नका, कुणाला दाखवायलाही पाठवू नका, बऱ्याच देशांत ते जवळ असणं हाच गुन्हा आहे. लिंक, युजरनेम, तारीख एवढंच लिहा आणि थेट पोलिसांकडे जा. तिच्यासाठी StopNCII नाही, Take It Down नावाची वेगळी सेवा आहे, काम साधारण तसंच.

मोगरा_२
अपडेट. मैत्रिणीने रेकॉर्डिंग केलं, ॲडमिनने मेसेज काढला. पण ज्याने टाकला तो जुना सहकारी म्हणतोय 'मला आला, मी पुढे ढकलला'. मेसेजवर Forwarded असं काही लिहिलेलं नव्हतं, रेकॉर्डिंगमध्ये नीट दिसतंय. म्हणजे यानेच बनवलाय ना?

फटाकडी
१०० टक्के हाच!! सगळ्या ग्रुपवर त्याचं नाव टाक.

जुना_खांब
थांबा. फोटो गॅलरीत सेव्ह करून नव्याने टाकला तरी ती खूण येत नाही. एवढंच सिद्ध होतं की त्या ग्रुपमध्ये तो त्याने टाकला, आणि तक्रारीत तेवढंच लिहा. त्याला 'तुला कुणी पाठवला ते दाखव' असं लेखी विचारा, फोनवर नको. दाखवला तर साखळी एक पायरी मागे जाते, टाळाटाळ केली तर तीही लेखी राहते.

मोगरा_२
विचारलंय. दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही. तक्रार द्यावी का हे अजून ठरत नाहीये, नवरा म्हणतो द्यायचीच, मला वाटतं इन्स्टावरचं निघेपर्यंत थांबावं. कुणी दिली असेल तर फोन जमा करून घेतात का ते सांगा.