मदत हवी आहे: प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेचा केअर प्लॅन

पहिलटकरीण आहे, गर्भाशयमुख 5 सेंमी उघडलंय, 10 मिनिटांत 3 कळा, बाळाचे ठोके 140. कंबर इतकी दुखतेय की बिचारीला आडवं पडवतच नाही. दर अर्ध्या तासाने कळ ओसरताच मिनिटभर ठोके मोजून पार्टोग्राफवर नोंदवायचे, असं असाइनमेंटमध्ये लिहिलंय. कळ आली की कमरेखाली त्रिकास्थीवर तळहाताने घट्ट दाब, हेही घेतलंय. पण ती पुढे वाकून उभी असतानाच डॉप्लरने ठोके ऐकले तर चालतात ना?

खरी अडचण भावनिक आधाराच्या मूल्यमापनात आहे. ‘भीती कमी झाली’ हे फार मोघम वाटतं. कळेत श्वास रोखून न धरणं, दोन कळांच्या मधे खांदे सैल सोडणं, अशी डोळ्यांना दिसणारी लक्षणं लिहावीत का? लेबर रूममध्ये काम केलेल्या ताईंनी कृपया सांगा.