शब्दचर्चा : ‘फॅक्टर लोडिंग’ला मराठीत काय म्हणावे?

आकडेमोड : गुंतवणुकीवरच्या लेखाचे भाषांतर करतोय. फामा आणि फ्रेंच यांच्या १९९३च्या त्रिघटक प्रारूपात बाजार, आकार आणि मूल्य या तिन्हींचे ‘लोडिंग’ येते. मी ‘भार’ लिहिले, संपादकबाईंनी ‘वाटा’ केले. बरोबर काय?

निवृत्त_लेखापाल : लोड म्हणजे फंडातून वर्षाच्या आत बाहेर पडलं की कापतात तेच ना? माझा १ टक्का गेला मागच्या दिवाळीत.

शुभदा_ग : काका, तो एक्झिट लोड. नाव सारखं, नातं काही नाही.

कोथरूडकर : ‘वाटा’च योग्य. आकाराचे लोडिंग ०.७ म्हणजे फंडात ७० टक्के छोट्या कंपन्या.

शुभदा_ग : नाही हो. वाटे असते तर त्यांची बेरीज १ झाली असती, आणि एकही वाटा उणे नसता. इथे तिन्हींची बेरीज २ च्या वर जाऊ शकते, आणि चढ्या भावाच्या मोठ्या कंपन्यांचं मूल्याचं लोडिंग तर बहुधा उणेच निघतं. फंडाच्या पोटात काय आहे हे हा आकडा सांगत नाही. छोट्या कंपन्यांनी मोठ्यांपेक्षा १ टक्का जास्त दिला त्या महिन्यात, बाकी दोन घटक जागच्या जागी असताना, फंड सरासरी किती हलला, ते सांगतो. पाचेक वर्षांचे मासिक परतावे घेऊन प्रतिगमन करायचं. रेषेचा जो उतार येतो तो हा.

```
E(R) − Rf = b·[E(Rm) − Rf] + s·E(SMB) + h·E(HML)
```

E म्हणजे दीर्घकाळची सरासरी, R फंडाचा परतावा, Rm बाजाराचा, Rf बिनजोखीम दर. b, s, h ही बाजार, आकार आणि मूल्य यांची लोडिंगं. SMB म्हणजे छोट्या कंपन्यांचा परतावा वजा मोठ्यांचा. HML म्हणजे बाजारभावाच्या मानाने पुस्तकी किंमत जास्त असलेल्यांचा परतावा वजा कमी असलेल्यांचा.

कोथरूडकर : पटलं. पण मग नुसत्या बाजाराच्या लोडिंगने, म्हणजे एकट्या बीटाने काय घोडं मारलं होतं?

शुभदा_ग : गृहीत आकडे घेऊ. बिनजोखीम दर ६, बाजाराचा त्यावरचा जादा परतावा ६, SMB २, HML ४ टक्के. एका फंडाने दीर्घकाळ सरासरी १४.९ टक्के दिले. एकघटक प्रारूपात त्याचा बीटा १.१ आला, तर अपेक्षित परतावा ६ + ६.६ = १२.६. वरचे २.३ टक्के व्यवस्थापक आपली करामत म्हणून मिरवणार. आता तीन घटक लावा. समजा b १.०, s ०.७ आणि h ०.४ निघाले. ६ + ६ + १.४ + १.६ = १५.०. करामत गेली कुठे? उणे ०.१! तो छोट्या, स्वस्त कंपन्यांत बसून होता, एवढंच.

बीटा १.१ वरून १.० झाला हेही बघा. एकट्या बाजाराला उभं केलं की छोट्या कंपन्यांचं काही हलणंही त्याच्याच खात्यावर चढतं. अमेरिकेतल्या आकड्यांवर फामा-फ्रेंचना हेच दिसलं, तिन्ही घटक आल्यावर बीटा १ कडे सरकले. छोट्या कंपन्या बीटाच्या हिशेबापेक्षा जास्त देतात हे बान्झने १९८१ सालीच दाखवलं होतं.

आकडेमोड : म्हणजे ‘भार’?

शुभदा_ग : ‘भार’ चालेल, पण पोर्टफोलिओतल्या ‘वेट’लाही आपण भारच म्हणतो, आणि वरचा गोंधळ तिथूनच उगवतो. मी शिकवताना ‘कल’ म्हणते. फंडाचा छोट्यांकडे ०.७ कल. विद्यार्थ्यांना उणे कलही लगेच कळतो.

निवृत्त_लेखापाल : मग माझ्या फंडाचा अपेक्षित परतावा १५ टक्के धरू का? एजंटही तेच म्हणतो.

शुभदा_ग : काका, इथे ‘अपेक्षित’ म्हणजे दीर्घकाळची सरासरी. अपेक्षा ठेवावी असा आकडा नाही. SMB वर्षानुवर्षे उणे राहू शकतो. शिवाय ६० महिन्यांतून काढलेला कल डळमळीत असतो. ०.४ च्या शेजारी प्रमाण त्रुटी ०.३ छापलेली असेल, तर तो कल आहे की नाही हेच ठरत नाही.

मराठी_बाणा : ‘प्रवणता’ घ्या की. गणितात रेषेच्या उताराला प्रवणता म्हणतात, आणि ‘प्रवण’ म्हणजे कललेला. दोन्ही अर्थ साधतात.

कोथरूडकर : छान आहे, पण ‘अपघातप्रवण क्षेत्र’ची पाटी डोळ्यांसमोर येते.

मराठी_बाणा : शेअर बाजाराबद्दल बोलतोय ना आपण?

शुभदा_ग : 😄 पण एक मेख आहेच. डॅनियल आणि टिटमन यांनी १९९७ मध्ये म्हटलं की जादा परतावा कलामुळे येत नाही, कंपनी मुळात छोटी किंवा स्वस्त असल्यामुळेच येतो. ते खरं असेल तर कोथरूडकरांचा ‘पोटात काय आहे’ हा प्रश्न तितका चुकीचा नव्हता. यावर भांडण मिटलेलं नाही.

आकडेमोड : तूर्त ‘कल’ लिहून पाठवतो. बाई परत ‘वाटा’ करतीलच, तेव्हा ही बेरीज दाखवेन.