मदत हवी आहे: टॉवेल किती दिवसांनी धुवायचा?

आतले कपडे रोज, चादर आठवड्याने, जीन्स पाच-सहा वेळा घालून झाल्यावर उलटी करून गार पाण्यात, यात अडचण नाही. प्रश्न टॉवेलचा आहे.

सोलापुरी टेरी टॉवेल, घरात चार माणसं, प्रत्येकाचा वेगळा. नळाला रोज पाणी नसल्याने धुणं बोअरच्या जड पाण्यात. तीन-चार वेळा वापरून धुतला, तरी दोन महिन्यांत कडक होतो, पाणी टिपत नाही आणि अंग पुसताना ओला झाला की कुबट वास येतो. वाळलेला असताना वास नसतो. म्हणजे मळ वरचा नाही, जड पाण्यातल्या क्षारांचा आणि साबणाचा थर फासांत बसलाय, असं वाटतं.

रोज धुतला तर फास विरळ होऊन कडा उसवतात. पावडर वाढवली तर थर आणखी जाड. सॉफ्टनरने मऊ लागतो, पण पाणी टिपायचं आणखी कमी होतं, म्हणून तो बंद केलाय.

आता विचार असा: पावडर निम्मी, खळबळणं एक जादा, आणि महिन्यातून एकदा शेवटच्या खळबळण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. ब्लीचसोबत ते कधीच नाही, विषारी वायू होतो.

जड पाणी वापरणाऱ्यांनी सांगा: व्हिनेगरऐवजी धुताना धुण्याचा सोडा घातला तर रंगीत टॉवेल फिका पडतो का? आणि पावसाळ्यात टॉवेल दिवसभर दमट राहतो, तेव्हा चार वापरांऐवजी दोनवर यावं का?