वडिलांची मान झटक्याने मोडून घ्यावी का? मदत हवी आहे

धागाकर्ता, रावेर तालुका:
माझ्या वडिलांनी (वय ६१) तीस वर्षे केळीचे घड डोक्यावरून वाहिले. तीन महिन्यांपासून त्यांची मान आखडते आणि दोन्ही हातांना मुंग्या येतात. शेजारच्या गावचे हाडवैद्य मान झटक्याने फिरवून मोकळी करून देतात, म्हणून रविवारी तिकडे जाण्याचे ठरले आहे. मात्र अलीकडे त्यांना सदऱ्याच्या गुंड्या लावायला फार वेळ लागतो, आणि काल ओट्यावरून उतरताना चप्पल पायातून निसटली तरी ते तसेच दहा पावले पुढे गेले. मान मोडून घेणे सुरक्षित आहे का?

चोपड्याहून:
आधी एक्स-रे काढा. हाड सरकलेले नसेल तर भीती नाही. कडकन आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला.

अमळनेरहून:
गेल्या पावसाळ्यात माझी कंबर लचकली होती, तेव्हा अशाच वैद्यांनी दोन मिनिटांत मला उभे केले. अवश्य न्यावे.

भुसावळहून, फिजिओथेरपिस्ट:
दादा, रविवारचे जाणे कृपया रद्द करा. लचकलेली कंबर आणि तुमच्या वडिलांची मान या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही हातांना मुंग्या येणे, गुंड्या लावायला वेळ लागणे आणि चप्पल निसटल्याचे न कळणे ही मानेत मज्जारज्जू दबत असल्याची लक्षणे असू शकतात, आणि दबलेल्या रज्जूवर झटका बसला तर हातापायांची शक्ती कायमची जाऊ शकते. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, रज्जू दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. आवाजाचे म्हणाल तर तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो, त्यावरून मणका बसला असे ठरत नाही. वडिलांना दहा सेकंदांत जमेल तितक्या वेगाने मूठ पूर्ण उघडायला आणि मिटायला सांगा. साधारणपणे वीस वेळा जमायला हवे. लघवीची घाई होते का किंवा ती अडते का, तेही विचारा.

धागाकर्ता:
अकरा वेळाच जमले. लघवीची घाई होते, पण ते लाजेने सांगत नव्हते. बुधवारी जळगावला मेंदू व मणक्याच्या शल्यचिकित्सकांकडे नंबर लावला आहे.

भुसावळहून:
बुधवारपर्यंत मालीशही नको आणि डोक्यावर ओझेही नको. चालणे बिघडले, हात आणखी लुळे पडले किंवा लघवी अडली, तर बुधवारची वाट न पाहता त्याच दिवशी न्या.

धुळ्याहून:
माझ्या पत्नीला हातांचा त्रास नाही, फक्त मानेच्या एका बाजूला अचानक कळ येऊन पूर्वी कधी न झालेली डोकेदुखी सुरू झाली आहे. तिची मान कायरोप्रॅक्टरकडून मोडून घेता येईल ना?

भुसावळहून:
नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर पडली असेल तर सुरुवात अशीच होते, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचित घडते. चीर झटक्याने पडते की आधीच पडलेली असल्यामुळे माणूस मान मोडायला जातो, यावर अजून वाद आहे. पण दोन्ही शक्यतांत झटका नकोच. आजच डॉक्टरांना दाखवा, आणि चक्कर, दोन-दोन दिसणे, बोबडे बोलणे किंवा एक पापणी पडणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालयात न्या.