उत्तर: वेस्टर्न ब्लॉटवर चौथ्या लेनमधला फिकट बँड

> "चौथ्या लेनमध्ये ५० किलोडाल्टनच्या थोडा वर फिकट बँड दिसतोय. पी५३ म्हणायचं का?"

इतक्यात नको. आधी प्रत्येक लेनमध्ये प्रथिन किती भरलंय ते दाखवणारा ॲक्टिन बघा. तोही त्या लेनमध्ये फिकट असेल तर प्रथिनच कमी भरलंय. सगळीकडे सारखाच काळाकुट्ट असेल तरी भरवसा नको, तो बहुधा सॅच्युरेट झालाय. कमी एक्स्पोजरची इमेज घ्या, लपलेला फरक तिथे उघडा पडतो.

जागा म्हणाल तर बरोबर वाटते. पी५३ चं खरं वजन ४४ किलोडाल्टनच्या आसपास, पण जेलवर तो ५३ ला दिसतो, नावही त्यावरूनच. गोची अशी की अँटिबॉडीची जड साखळीही ५० च्या आसपासच येते. परळच्या लॅबमध्ये उंदराच्या यकृतावर उंदराचीच प्रायमरी लावून मी आठवडाभर अशाच बँडवर खूश होतो. शेवटी मेम्ब्रेनचा एक तुकडा प्रायमरीशिवाय नुसत्या सेकंडरीत ठेवला. बँड जसाच्या तसा! सेकंडरी ऊतीतल्या रक्ताची अँटिबॉडी पकडत होती.

तुमचा नमुना ऊतीचा असेल तर हेच करा. पेशींचा असेल तर शेजारी एच१२९९ चा लायसेट चालवा. त्या पेशींत पी५३ नसतोच. बँड तिथेही आला तर तो दुसरंच काही आहे.